शेवटच्या सामन्यानंतर माइक हातात येणार आहे, काय बोलू? (मसुदा दिलाय, मदत हवी)

डावा_कोपरा

नमस्कार मंडळी. 19 वर्षं एकाच संघाकडून कबड्डी खेळलो, सगळीच्या सगळी डाव्या कोपऱ्यात. येत्या रविवारी शेवटचा सामना आहे. गुडघा आता चवड्यावर बसू देत नाही आणि चवड्यावर न बसणारा कोपरा चढाईवाल्याला लांबूनच ओळखू येतो, त्यामुळे निर्णयाबद्दल मनात शंका नाही. प्रश्न वेगळाच आहे. सामना संपल्यावर मैदानातच मला पाच मिनिटं बोलायला दिली आहेत. समोर संघातली पोरं असतील आणि इतकी वर्षं आमच्यासाठी ओरडणारे प्रेक्षक असतील.

मी मसुदा लिहिलाय. सुरुवात अशी आहे:

"आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावर उपस्थित सर्व मान्यवर, माझे सर्व सहकारी खेळाडू आणि तमाम कबड्डीप्रेमी रसिक हो, आज या प्रसंगी आपल्यासमोर उभा राहताना मला एकाच वेळी आनंद आणि दुःख अशा संमिश्र भावना दाटून येत आहेत..."

पुढे कुठल्या वर्षी कुठली स्पर्धा जिंकलो ते आहे, नंतर आभार आहेत. एकूण 1,150 शब्द झालेत. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे तू बोलतोयस असं वाटत नाही." कुठे चुकतंय ते सांगा. घरच्यांची आणि पोरांची नावं इथे लिहीत नाही, समजून घ्या.

विनय७

दादा, आधी मनापासून सलाम. माझं मत विचाराल तर कागदच नको. सचिन 2013 मध्ये वानखेडेवर बोलला ते मनातून बोलला म्हणून सगळा देश रडला. लिहिलं की भाषण मेलंच. उभे राहा, डोळे मिटा, जे येईल ते बोला.

मधुरा_व

विनय, मनातून बोलला हे खरं, पण कागद नव्हता हे खरं नाही. 16 नोव्हेंबरला वेस्ट इंडीजविरुद्धचा दोनशेवा कसोटी सामना संपला आणि तो माइकपाशी आला तेव्हा त्याच्या हातात यादी होती. त्याने ती लपवलीही नाही. कुणाचं नाव राहू नये म्हणून आज पहिल्यांदाच यादी घेऊन आलोय, असं सांगूनच सुरुवात केली. वाक्यं तेव्हाची तेव्हा सुचत होती, पण कोणानंतर कोण हे आधी ठरलेलं होतं. आधी वडील, मग आई, भावंडं, पत्नी, मुलं, मग आचरेकर सर, मंडळ, सोबत खेळलेले, डॉक्टर आणि फिजिओ, पत्रकार, छायाचित्रकार, आणि सगळ्यात शेवटी प्रेक्षक. सुमारे वीस मिनिटं बोलूनही माणूस कुठे भरकटला नाही तो त्या यादीमुळे.

मी शाळेत वक्तृत्वाची मुलं तयार करते, म्हणून या भाषणाकडे जरा बारकाईने बघितलंय. त्यात आचरेकर सरांचा भाग ऐका. "त्यांनी मला घडवलं" असं एक वाक्य टाकून तो मोकळा होऊ शकला असता. त्याऐवजी त्याने स्कूटर सांगितली. दिवसात दोन-दोन सामने खेळता यावेत म्हणून सर स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर नेत. पुढे सांगितलं की 29 वर्षांत सर एकदाही "चांगला खेळलास" म्हणाले नाहीत, कारण पोरगा हुरळून जाईल. आणि आता सामनेच उरले नाहीत तर सर म्हणायला हरकत नाही, असं जोडलं. एका माणसासाठी एक वस्तू आणि एक सवय. एवढ्यावर आचरेकर न पाहिलेल्यालाही ते दिसतात.

डावा_कोपरा, तुमच्या मसुद्यात असा एकही माणूस दिसत नाही, म्हणून वहिनींना तसं वाटलं. "संमिश्र भावना दाटून येत आहेत" हे वाक्य तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणी म्हटलं तरी चालेल. तुमच्या शेजारी साखळीत कोण उभा राहायचा?

सुरेखा_ताई

अभिनंदन! सत्कारमूर्तीचा परिचय पाच मिनिटांत करायचा असेल तर जन्म, शिक्षण, कारकीर्द, पुरस्कार या क्रमाने घ्यावं. मी बरीच सूत्रसंचालनं केली आहेत. परिचयपत्र तयार असेल तर इथे टाका, भाषा सुधारून देते.

डावा_कोपरा

सुरेखाताई, परिचय दुसरं कुणी करून देणार आहे, मला स्वतःला बोलायचंय. तरी एक गोष्ट सुचली. परिचय करून देणारा माणूस जिंकलेल्या स्पर्धा सांगणारच आहे, मग त्या माझ्या भाषणात कशाला? काढतो. तिथेच चारशे शब्द गेले.

मधुराताई, साखळीत माझ्या उजवीकडे एकच माणूस 14 वर्षं होता. त्याच्या डाव्या हातात माझं उजवं मनगट. चढाईवाला बोनससाठी पाय टाकायचा तेव्हा तो मनगट हलकं दाबायचा, म्हणजे "थांब". सोडलं की "जा". आम्ही हे कधी बोलून ठरवलं नव्हतं. मी घोट्याला झेप घ्यायचो ती त्याच्या बोटांवर. लोकांना माझी पकड दिसायची, त्याची बोटं कुणालाच दिसली नाहीत.

मधुरा_व

हे लिहिलंत तसंच्या तसं बोला. एक शब्द बदलू नका.

जुना_पंच

मी 26 वर्षं पंच होतो. निरोपाची भाषणं मैदानात उभा राहून पुष्कळ ऐकली. त्यातून एक सांगतो. सहकाऱ्यांसाठीचं बोलणं आणि प्रेक्षकांसाठीचं बोलणं ही दोन भाषणं आहेत, ती एका माइकवर कोंबायची नाहीत. पोरांना जे सांगायचं असतं त्यात रुसवेफुगवे असतात, थट्टा असते, एखाद्याची माफी असते. ते चारचौघांत भोंग्यावरून आलं की ज्याच्यासाठी आहे तो अवघडतो आणि बाकीच्यांना काही कळत नाही. ते सामन्याआधी, कपडे बदलायच्या खोलीत, दार लावून बोलावं. दोन मिनिटं पुरतात.

सचिननेही संघासाठी वेगळी वेळ काढली होती. सामन्याच्या पहिल्या दिवशी धोनीने दोनशेव्या कसोटीची टोपी दिली तेव्हा तो संघाशी वेगळं बोलला होता. मैदानावरच्या भाषणात त्याने तोच छोटा संदेश पुन्हा सांगितला, पण आधी तो खोलीतल्यांना मिळाला होता.

माइकवर मग काय उरतं? प्रेक्षकांनी जे पाहिलंय त्याच्या आतली बाजू. तुमचं मनगट हे त्यातलंच. प्रत्येकाने तुमच्या पकडी पाहिल्यात, आता त्यांना कळेल त्या कशा होत होत्या.

रानवारा

माझा अनुभव सांगते, विषयाला थोडा सोडून आहे. मी व्हॉलीबॉल खेळायचे, लिफ्टर. निरोपाच्या दिवशी एकवीस नावं घेतली आणि जी बाई 11 वर्षं आमच्या घोट्यांना पट्ट्या बांधायची तिचं नाव राहिलं. कोर्टाच्या कडेला पट्टीचं रीळ हातात घेऊन ती उभी होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा माइक दुसऱ्याच्या हातात गेला होता. नंतर घरी जाऊन भेटले, ती म्हणाली अगं त्यात काय. पण आठ वर्षं झाली, ते रीळ अजून डोळ्यांसमोर आहे.

नावं घ्यायची असतील तर यादी एकट्याने करू नका. संघातल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात नव्या, अशा दोघांना दाखवा. जुना माणूस विसरलेली नावं सांगतो, नवा माणूस आत्ताची.

मधुरा_व

रानवारा, फार महत्त्वाचं बोललीस. लू गेहरिगचं 1939 सालचं भाषण आठवलं. बेसबॉलमधला तो मोठा खेळाडू, असाध्य आजारामुळे थांबावं लागलेला. तीनशे शब्दांच्या आतलं भाषण, पण त्यात मैदान राखणाऱ्या माणसांना जागा आहे, आपल्या मुलीविरुद्ध जावयाची बाजू घेणाऱ्या सासूलाही आहे. आजाराचं नाव मात्र नाही. नशिबाने एक फटका दिला, तुम्ही वाचलंच असेल, एवढ्यावर भागवलं. डावा_कोपरा, गुडघ्याचं एका वाक्यात आटपा असं मला वाटतं.

डावा_कोपरा

ठीक, गुडघा एका वाक्यात. पण अजून एक गाठ आहे. अकराव्या वर्षी मला एका मोठ्या संघाच्या निवडीतून वगळलं. चाचणीत मी सात पकडी केल्या होत्या. कारण आजपर्यंत कळलं नाही. ते ज्यांनी केलं त्यातला एक माणूस रविवारी समोरच्या रांगेत बसलेला असेल. माइक हातात असताना ते बोलावं की नाही? आठ वर्षं गिळलंय.

विनय७

बोला दादा! आता नाही तर कधी? गप्प राहिलात तर पुढच्या पोरांबरोबरही तेच होईल.

जुना_पंच

नको. त्या माणसाला उत्तर द्यायला माइक मिळणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी लोक तुमच्या 19 वर्षांबद्दल बोलणार नाहीत, त्या एका वाक्याबद्दल बोलतील.

रानवारा

मला विनयचं पटतं. प्रत्येक वेळी खेळाडूनेच पोटात का घ्यायचं? नाव न घेता सांगता येईल. "एका वर्षी मी बाहेर बसलो, कारण विचारायची हिंमत झाली नाही. तुम्ही विचारा." हे पोरांसाठी आहे, त्या माणसासाठी नाही.

जुना_पंच

वाक्य चांगलं आहे, ते खोलीत पोरांसमोर बोलायला माझी ना नाही. माइकवर मात्र माझं मत तेच.

भोंगा_जोडणारा

भाषणाच्या मजकुरातलं मला कळत नाही. ध्वनिव्यवस्था लावतो, म्हणून एक विचारतो. मैदानात भोंगे कुठे असतात?

डावा_कोपरा

चारही कोपऱ्यांना खांबांवर. मी मधे उभा राहणार. लांबचे दोन साठ-सत्तर मीटरवर असतील.

भोंगा_जोडणारा

मग हे नीट वाचा, कारण अर्धी भाषणं इथे पडतात आणि माणसाला वाटतं आपण घाबरलो.

आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. सत्तर मीटरवरच्या भोंग्यातून तुमचाच आवाज तुमच्या कानात परत यायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. नेमका एवढाच उशीर जिभेला सगळ्यात वाईट. तुम्ही दुसरा शब्द बोलत असता आणि कानात पहिला वाजत असतो. मेंदू गोंधळतो, माणूस शब्द लांबवायला लागतो, अडखळतो. चांगले बोलणारेही अडखळतात. त्यात शरमण्यासारखं काही नाही.

उपाय साधे आहेत. पहिला, लांबचे दोन भोंगे तुमच्या बोलण्यापुरते बंद करायला सांगा, किंवा मधे उभं न राहता एका बाजूच्या भोंग्यांच्या थोडं मागे उभे राहा. दुसरा, वाक्य सात-आठ शब्दांचं ठेवा आणि वाक्य संपलं की आवाज विरेपर्यंत थांबा. तुम्हाला ते थांबणं फार लांब वाटेल, बसलेल्यांना वाटणार नाही. तिसरा, शनिवारी संध्याकाळी रिकाम्या मैदानात जाऊन त्याच माइकवर पहिली पाच वाक्यं बोलून बघा. माइक हनुवटीच्या किंचित खाली, तोंडापासून चार बोटं. रडू आलं की माणूस माइक खाली नेतो आणि नेमकं तेव्हाचं वाक्य कुणालाच ऐकू येत नाही. कोपर अंगाला टेकवून ठेवा, म्हणजे हात जागेवर राहतो.

डावा_कोपरा

हे कुणीच सांगितलं नसतं. आता रडण्याबद्दल विचारतो. घरी मनगटाचा भाग वाचताना तीनदा गळा दाटला. मैदानात एक शब्द फुटणार नाही अशी धास्ती आहे.

मधुरा_व

गळा दाटतो त्याच क्षणी आपण श्वास धरतो आणि तिथेच आवाज अडकतो. तेव्हा आधी श्वास सोडा, मग पाण्याचा घोट घ्या. गिळलं की गळा थोडा सैल होतो. बाटली हातात किंवा पायाशी असू द्या, कारण सामना खेळून आलेल्याचं तोंड तसंही कोरडं असतं. जो भाग रडवतो तो रोज मोठ्याने वाचा, दिवसातून चार-पाच वेळा. भावना कमी होत नाही, पण जिभेला रस्ता पाठ होतो. आणि तो भाग सुरुवातीला नको, शेवटच्या वाक्यातही नको. दोन तृतीयांश भाषण झाल्यावर ठेवा, म्हणजे पुढे सावरायला चार-पाच साधी वाक्यं उरतात.

कागदाऐवजी जाड पुठ्ठ्याची दोन कार्डं करा. पातळ कागद हाताबरोबर थरथरतो आणि ते बघून आपण आणखी थरथरतो. मोबाईलवरून वाचू नका, उन्हात पडदा दिसत नाही आणि घामाच्या बोटाने भलतंच पान उघडतं. एका ओळीत एक वाक्य, मोठं अक्षर. दुसरी प्रत संघातल्या एकाच्या खिशात. अगदीच जमलं नाही तर तो शेजारी येऊन पुढचं वाक्य वाचेल.

तेही नको असेल तर प्रश्नोत्तरं करा. फेडरर 2022 मध्ये लंडनला नदालसोबत शेवटचा दुहेरीचा सामना खेळला तेव्हा जिम कुरियर माइक घेऊन त्याच्याशी बोलत होता. हुंदके येत होते, पण समोर विचारणारा असल्यामुळे तो बोलत राहिला.

विनय७

माझं आधीचं मागे घेतो, यादी हवीच. पण एक सुचवतो. सामना हरलात तर? जिंकल्याच्या आनंदातलं भाषण हरल्यावर वाचणार का?

मधुरा_व

उत्तम प्रश्न. पहिलं वाक्य दोन प्रकारे लिहून ठेवायचं. आगासी 2006 मध्ये अमेरिकन ओपनमध्ये हरून निवृत्त झाला. त्याने सुरुवातच तिथून केली, की फलक सांगतोय मी हरलो, पण मला इथे काय मिळालं ते फलक सांगत नाही. हार लपवली नाही, त्यामुळे पुढचं सगळं लोकांनी ऐकलं.

आता हिशेब. मैदानात थांबत थांबत बोलताना मिनिटाला नव्वद शब्द धरा. पाच मिनिटांत साडेचारशे. टाळ्या आणि आरोळ्यांचा वेळ सोडून 380 च्या पुढे जाऊ नका. 1,150 म्हणजे बारा-तेरा मिनिटं झाली असती.

डावा_कोपरा

नवा मसुदा, 371 शब्दांचा. सगळा टाकत नाही, सुरुवात आणि मधला भाग देतो.

(जिंकलो तर) "आज शेवटची पकड झाली. ती सुटली असती तर आत्ता मी गप्प बसलो असतो."

(हरलो तर) "आज आपण हरलो. शेवटच्या सामन्यातही प्रतिस्पर्ध्याने मला सूट दिली नाही, याचा मला आनंद आहे."

मधला भाग:

"तुम्ही 19 वर्षं माझ्या पकडी पाहिल्यात. त्या माझ्या एकट्याच्या नव्हत्या. माझं उजवं मनगट 14 वर्षं एका माणसाच्या हातात होतं. त्याने दाबलं की मी थांबायचो. त्याने सोडलं की मी झेपायचो. माझ्या नावावर लागलेल्या प्रत्येक गुणात त्याची पाच बोटं आहेत. गेली पाच वर्षं तो खेळत नाही, तरी सामन्याआधी माझा उजवा हात आपोआप बाजूला जातो."

शेवटी प्रेक्षकांसाठी असं आहे: "चढाईवाला आत आला की तुम्ही गप्प व्हायचात. त्याचा दम मला ऐकू यावा म्हणून तुम्ही गप्प व्हायचात हे मला माहीत आहे. कुठल्या कोपऱ्याला इतकं मिळत नाही."

जुना_पंच

यात हात लावू नका.

सुरेखा_ताई

मी आधी चुकीचं समजले होते. वाचून डोळ्यात पाणी आलं. एकच सुचवते, "प्रतिस्पर्ध्याने" ऐवजी "समोरच्या पोरांनी" म्हणा. तुम्ही बोलताना तसंच म्हणत असाल.

डावा_कोपरा

(सोमवार सकाळ)

हरलो, तीन गुणांनी. दुसरं पहिलं वाक्य कामाला आलं, "समोरच्या पोरांनी" असं म्हणूनच. त्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या.

लांबचे भोंगे बंद करून घेतले होते. शनिवारी चाचणी घेतली तेव्हा चालू असताना खरंच जीभ अडकली, बंद केल्यावर सुटली. कार्डं वापरली. खोलीत सामन्याआधी पोरांशी दोन मिनिटं ठरवली होती, सहा झाली. रानवारा, तुझं वाक्य तिथे बोललो. सगळ्यात लहान पोरगा म्हणाला, "मग आम्ही विचारू."

मनगटापाशी थांबलो. ठरवल्याप्रमाणे श्वास सोडला, पाणी घेतलं, तरी आवाज आला नाही. तो दुसऱ्या रांगेत बसला होता. उठून आत आला, काही बोलला नाही, माझं उजवं मनगट धरलं. मी पुढची चार वाक्यं तशीच बोललो, माइक डाव्या हातात घेऊन. कार्ड खाली पडलं होतं, पण तोवर पाठ झालं होतं.

रानवारा

आणि पहिल्या रांगेतला तो?

डावा_कोपरा

माइकवर काही बोललो नाही. खाली उतरल्यावर तो हात मिळवायला आला. मी हात मिळवला आणि विचारलं, त्या वर्षी काय झालं होतं. तो म्हणाला, "भेटू एकदा." भेटायचं अजून ठरलेलं नाही.

रानवारा

ठरवाच. तारीख तुम्ही सांगा, त्याच्यावर सोडू नका.

जुना_पंच

या वेळी मीही हेच म्हणेन.